दुरंगी पन्हळी रिब: मागचे धागे मोकळे, काठ जागेवर

मध्यंतरी एका मैत्रिणीची टोपी हातात आली. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या पद्धतीने दोन रंगांत विणलेली, वरची नक्षी नीट जमलेली, पण डोक्याच्या काठाशी ती घंटेसारखी उघडलेली. मी टेप लावला. अगदी काठावर घेर ५७ सेंमी होता आणि तिथून दोन सेंमी वर फक्त ४९. उलटून पाहिलं तर मागचे धागे तारेसारखे ताणलेले. तिला वाटत होतं रिब सैल झाली. खरं तर रिब घट्ट झाली होती आणि काठ तेवढा सैल राहिला होता. पन्हळी रिबमध्ये जवळपास प्रत्येकाची हीच चूक होते, आणि दुरुस्ती बहुतेक जण उलट दिशेने करतात: काठ पसरला म्हणून पुढच्या वेळी धागे आणखी ओढून विणतात.

पन्हळी रिब म्हणजे सुलट टाके एका रंगात, उलट टाके दुसऱ्या रंगात, आणि ज्या रंगाचं काम नाही तो धागा पाठीमागून चालत राहणं. दिसायला उभ्या पट्ट्या, हाताला पन्हळी पत्र्यासारख्या. नेहमीची दोन सुलट-दोन उलट बॉर्डर रबरासारखी आखडते, कारण उलट टाक्यांच्या रांगा मागे दडून बसतात. इथे मागे आडवे धागे आहेत. ते रिबला फार आखडू देत नाहीत आणि त्यांच्या लांबीपलीकडे ताणूही देत नाहीत. काठाच्या टाक्यांना मात्र मागे धरून ठेवणारा एकही धागा नसतो, म्हणून तो काठ सगळ्यात आधी पसरतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत.

उदाहरण म्हणून ५६ सेंमी डोक्याची टोपी घेते. दोन सुलट, दोन उलट. सुलट रंगाला 'गडद' म्हणते, उलट रंगाला 'फिका'.

## १. लोकर आणि सुया

खरी लोकर घ्या, शक्यतो जरा खरबरीत. शेटलंडची बारीक दुपदरी लोकर या कामाला बसते, कारण तिचे तंतू एकमेकांना धरून राहतात. आपल्या दुकानांतून मिळणारी अॅक्रिलिक लोकर गुळगुळीत असते आणि धुऊन-वाळवून तिचा आकार बसत नाही. अॅक्रिलिकमध्ये काठ एकदा पसरला की पाण्याने तो आवळता येत नाही. मशीनमध्ये धुता येणारी मऊ लोकरही ओली झाली की लांबते. यांपैकी काही वापरायचंच असेल तर खालच्या तपासण्या दुप्पट काटेकोर करा.

रिबसाठी १२ नंबरची गोल सुई, म्हणजे २.७५ मिमी. वरच्या नक्षीसाठी १० नंबर, म्हणजे ३.२५ मिमी. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. परदेशी पॅटर्न वाचताना इथे घोटाळा होतो, म्हणून मिलिमीटर बघूनच सुई घ्या.

दोन रंग अंधुक उजेडातही वेगळे दिसले पाहिजेत. उलट टाक्यांची रांग खोल आणि सावलीत बसते, त्यामुळे तिथे फिका रंग असेल तर पट्ट्या उठून दिसतात. उलटंही करता येतं, पण मग उलट रांगा जवळजवळ गायब होतात.

## २. नमुन्याचा तुकडा

हा तुकडा गोलच विणा. सपाट विणलेल्या तुकड्याचा ताण वेगळा येतो आणि त्यावरून काढलेली टाक्यांची संख्या चुकते. १२ नंबरवर ६४ टाके घालून पाच-सहा सेंमी रिब विणा, टाके बंद करा, धुवा, वाळवा. मनगटावर चढणारी पट्टी तयार होते, वाया काहीच जात नाही.

माझ्या हाताला १० सेंमीमध्ये रिबचे २९ टाके येतात आणि १० नंबरवर नक्षीचे २८. तुमचे आकडे वेगळे असतील तर हिशेब तुमच्या आकड्यांनी करा.

डोकं ५६ सेंमी. पन्हळी रिब डोक्यापेक्षा साधारण ६ सेंमी लहान हवी, म्हणजे ५०. प्रत्येक सेंमीला २.९ टाके धरून ५० ला १४५ टाके होतात. चारने भाग जायला हवा म्हणून १४४. नक्षीचा घेर ५७ सेंमी धरला तर २.८ प्रमाणे १६० टाके. म्हणजे रिब १४४ वर विणायची आणि रिब संपल्यावर १६ टाके वाढवायचे. रिब आणि अंग दोन्ही १६० वर विणून 'बॉर्डर आपोआप आखडेल' असं समजणं, ही काठ पसरण्याची दुसरी मोठी वाट. साधी बॉर्डर आखडते, ही आखडत नाही.

तपासणी: वाळलेला तुकडा पट्टीवर धरून १० सेंमीचा भाग हळूच ताणा. तो ११.५ पर्यंत आरामात गेला पाहिजे, कारण ५० ची रिब ५६ च्या डोक्यावर चढायची आहे. ११ लाच मागचे धागे ताठ होत असतील तर ते आखूड आहेत. इथे सुई बदलू नका, हात मोकळा करा आणि तुकडा पुन्हा विणा.

## ३. काठाचे टाके

टाके फक्त गडद रंगाने घाला. दोन रंग आळीपाळीने घेऊन घातलेले टाके सुंदर दिसतात, पण त्यांचा काठ रुंद होतो. पहिल्या टोपीला तो मोह टाळा.

मी लांब शेपूट सोडून, अंगठा आणि तर्जनीवर दोरा धरून घातलेले टाके वापरते. शेपटीसाठी सुईभोवती दहा वेढे घेऊन लांबी मोजा आणि त्यावरून १४४ टाक्यांचा अंदाज बांधा. १२ नंबरवर सुमारे दोन मीटर पुरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टाके घालताना सैलपणा हवा म्हणून जाड सुई किंवा दोन सुया एकत्र धरायची सवय अनेकींना आहे. साध्या बॉर्डरला ते चालतं. इथे रिबच्याच १२ नंबरवर, एकाच सुईवर टाके घाला. काठाची लांबी सुईच्या जाडीपेक्षाही दोन टाक्यांमधल्या अंतराने ठरते. प्रत्येक टाका आवळताना तो आधीच्या टाक्याला लागून बसवा, मध्ये सुई दिसता कामा नये. फास मात्र सुईवर सहज सरकला पाहिजे. टाका सैल, अंतर शून्य, हे जमलं की काठाचं निम्मं काम झालं.

तपासणी: टाके सुईवर सैलसर पसरून, न ताणता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा. १४४ टाके ५० सेंमीच्या आसपास भरायला हवेत. ५५ च्या वर गेले तर आताच उसवा. पुढे कितीही छान विणलं तरी हे पाच सेंमी परत मिळणार नाहीत.

## ४. पायाच्या दोन फेऱ्या

फेरी जोडण्याआधी टाक्यांचा खालचा काठ सुईभर एकाच बाजूला आहे ना, ते पाहा. एक वळसा पडला तर टोपी पिळलेली होईल आणि ते सहा फेऱ्यांनंतर कळेल.

पहिली फेरी फक्त गडद रंगाने साधी बॉर्डर: २ सुलट, २ उलट. ही फेरी न घालता थेट दोन रंगांत सुरुवात केली तर काठ बाहेर गुंडाळला जायला बघतो. शिवाय ही एकरंगी फेरी पुढे काठ दुरुस्त करायची वेळ आली तर फार उपयोगी पडते.

दुसरी फेरी दोन्ही रंगांनी, पण सगळे टाके सुलट: २ गडद सुलट, २ फिके सुलट. फिक्या रंगाचे टाके इथे उलट विणायचे नाहीत. कारण सोपं आहे. उलट टाका विणला की खालच्या टाक्याचा रंग गाठीसारखा समोर येतो. गडदवर फिका उलट विणला तर काठाशी फिक्या पट्टीत गडद ठिपक्यांची ओळ उमटते. सुलट विणल्यावर रंग स्वच्छ सुरू होतो आणि पुढच्या फेरीपासून निश्चिंतपणे उलट विणता येतं.

फिका धागा जोडताना १५ सेंमी शेपूट सोडा. गाठ मारू नका, पहिल्या टाक्याचा ताण बोटाने धरून ठेवला तरी पुरतो.

## ५. रिबची फेरी आणि हातांची सवय

तिसऱ्या फेरीपासून २ गडद सुलट, २ फिके उलट. टाक्यांत अवघड काही नाही. अवघड आहे ते फिक्या धाग्याचं पुढे-मागे जाणं, आणि ते दर चार टाक्यांना करायचं आहे.

दोन्ही हातांनी धागा धरता येत असेल तर गडद डाव्या हातात, फिका उजव्या हातात घ्या. उजव्या हाताने धागा फेकून उलट टाका घालणं आपल्यापैकी बहुतेकींना सहज जमतं, म्हणून उलट रंग उजवीकडे. एकाच हाताने विणत असाल तर गडद गुंडा डाव्या बाजूला आणि फिका उजव्या बाजूला ठेवा. गडद धागा दरवेळी खालून उचला, फिका दरवेळी वरून. फेरीच्या मध्येच ही सवय मोडू नका.

एक आवर्तन सावकाश पाहू:

1. गडद रंगाने २ सुलट विणले. गडद धागा मागेच सोडा. तो पुढे कधीही येत नाही.
2. उजव्या सुईवर नुकतेच विणलेले ते दोन टाके बोटाने हलकेच पसरा, जेवढे ते विणीत पसरून बसतील तेवढेच.
3. फिका धागा गडद धाग्याच्या वरून, दोन सुयांच्या टोकांमधून पुढे आणा.
4. २ उलट विणा.
5. फिका धागा लगेच त्याच वाटेने, गडदच्या वरूनच, मागे न्या.
6. आता हे दोन उलट टाके पसरा, आणि गडद रंगाने पुढचे २ सुलट.

पाचवी पायरी विसरली की फिका धागा पुढच्या दोन सुलट टाक्यांवरून समोरून जातो आणि आडवी दोरी दिसते. मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे: गडद टाक्यात सुई घालण्याआधी दोन्ही धागे मागे आहेत का, हे नजरेने बघायचं. पहिल्या दोन फेऱ्या हे मुद्दाम करावं लागतं, मग हात आपोआप थांबतो.

तिसऱ्या आणि पाचव्या पायरीतलं 'वरून' जपा. धागा पुढे येताना गडदच्या खालून आला आणि जाताना वरून गेला तर दर चार टाक्यांना एक पीळ पडतो. फेरी संपेपर्यंत दोन्ही गुंडे एकमेकांत गुरफटतात आणि तुम्ही वैतागून धागा ओढायला लागता. ओढलेला धागा म्हणजे आखूड धागा. पीळ सोडवत बसण्यापेक्षा तो पडण्याचं कारण काढा.

खालून येणारा धागा विणीत जरा भरीव दिसतो. गडद सतत खालून आल्यामुळे सुलट पट्ट्या गोल आणि उठावदार येतात. मध्येच अदलाबदल केली तर त्या फेरीत पट्टी बारीक दिसते, आणि धुतल्यावरही हा फरक जात नाही.

सावधान: मागचे धागे इथे फक्त दोन टाक्यांवरून जातात. ते मध्ये अडकवायची गरज नाही. लांब नक्षीची सवय म्हणून अडकवाल तर उलट पट्टीत दुसऱ्या रंगाचे ठिपके डोकावतील.

## ६. चार फेऱ्यांनंतर थांबा

इथे थांबायचा कंटाळा करू नका. सगळे टाके एका लांब, जाड दोऱ्यावर घ्या, काम टेबलावर सपाट ठेवा आणि तीन गोष्टी पाहा.

आधी घेर. काठ आणि सुईजवळची फेरी सारखी हवी. सपाट ठेवलेली पट्टी दोन्हीकडे साधारण २५ सेंमी भरेल. काठ एक सेंमीपेक्षा जास्त रुंद असेल तर दोन शक्यता आहेत, आणि कोणती ते दुसरी गोष्ट सांगते.

काम उलटवा. मागचे धागे टाक्यांवर सपाट पडलेले हवेत. पेन्सिलीचं टोक त्यांच्याखालून सरकवलं तर ते सहज जाईल, पण बोट अडकेल एवढा फास उरणार नाही. टोक जातच नसेल तर धागे आखूड आहेत, रिब आत ओढली गेली आहे आणि काठ फक्त तुलनेने रुंद दिसतो आहे. या चार फेऱ्या उसवा, काठ ठेवा. धागे नीट असूनही काठ रुंद असेल तर मूळ टाकेच लांब अंतरावर आहेत. मग सगळं उसवा.

शेवटी उलट रांगा मोजा. एखादा फिका टाका चुकून सुलट विणला गेला असेल तर तो आताच दिसतो. तेवढाच टाका खाली सोडून क्रोशाच्या सुईने मागच्या धाग्यासह पुन्हा चढवता येतो, पूर्ण फेरी उसवावी लागत नाही.

ज्यांचे धागे काही केल्या आखूडच येतात त्यांच्यासाठी, विशेषतः मनगटाच्या पट्टीसारख्या लहान घेरात: काम आतून बाहेर उलटवा, म्हणजे विणीची चांगली बाजू नळीच्या आत आणि मागचे धागे बाहेरून. तुम्ही समोर बघता ती चांगलीच बाजू, फक्त नळीच्या पलीकडच्या कडेवर विणता. धाग्यांना बाहेरच्या कडेवरून जावं लागत असल्याने वळणावर ते आखडत नाहीत.

## ७. रंग बदलायचा असेल तर

काही पॅटर्नमध्ये रिबच्या मध्येच रंग बदलतात. सुलट रंग बदलताना काहीच करायचं नाही. उलट रंग बदलताना मात्र पायाच्या दुसऱ्या फेरीतलाच नियम: नव्या रंगाच्या पहिल्या फेरीत तेवढे टाके सुलट विणा, पुढच्या फेरीपासून उलट. खोलगट रांगेतला तो एक सुलट टाका जवळून पाहिल्याशिवाय ओळखू येत नाही.

## ८. रिबकडून अंगाकडे

दोन पायाच्या फेऱ्या धरून एकूण १६ फेऱ्या झाल्या की रिब साधारण साडेचार सेंमी उंच होते. आता १२ नंबरच्याच सुईवर गडद रंगाने एक फेरी सगळी सुलट विणा आणि तीतच वाढ करा: ९ सुलट, १ टाका वाढवा, असं १६ वेळा. १४४ चे १६० होतात. त्यानंतर १० नंबर सुई.

वाढ रिबच्या शेवटच्या फेरीत करू नका, पट्ट्या मोडतात. आणि जाड सुई वाढीच्या फेरीनंतरच घ्या, नाहीतर रिबचा वरचा भागही सैल पडतो आणि टोपी डोक्यावर टिकत नाही.

सपाट, म्हणजे पुढे-मागे ओळींत विणायचं झालं तर उलट बाजूच्या ओळीत दोन्ही धागे तुमच्याकडे असतात. तिथे गडद टाके उलट विणायचे, आणि फिका धागा मागे नेऊन ते टाके सुलट विणून लगेच पुन्हा आपल्याकडे आणायचा. जमतं, पण ताण दोन बाजूंना वेगळा येतो. टोपी आणि बाही गोलच विणा.

गळ्याला किंवा बाहीला रिब शेवटी येते. तिथे शेवटची फेरी एकाच रंगात साध्या बॉर्डरची विणा आणि टाके त्याच रंगाने, सुलटवर सुलट, उलटवर उलट असे बंद करा. इथेही बंद करताना जाड सुई नको. गळ्यातून डोकं जातं का, हे धागा कापण्याआधी बघून घ्या.

## ९. धुणं आणि वाळवणं

कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. वाळत घालण्याआधी सुती दोरा सुईत ओवून काठाच्या टाक्यांतून सर्वत्र फिरवा आणि घेर ५० सेंमी होईल इतका आवळून बांधा. सपाट वाळवा. अंग ताणून बसवायचं तर बसवा, रिबला हात लावू नका. ओली रिब ताणून टाचण्यांनी बसवली तर ती तशीच राहते. पूर्ण वाळल्यावर दोरा काढा.

## काठ तरीही पसरला तर

तयार टोपीचा काठ जरासाच सैल असेल तर गडद लोकरीने आतल्या बाजूने क्रोशाचे सरकते टाके घाला: काठाच्या तीन फासांत एकेक, चौथा फास सोडून. दर दहा-बारा सेंमीनंतर टेप लावा, कारण हे आवळणं हाताला कळत नाही.

फार पसरला असेल तर ती पहिली एकरंगी फेरी कामाला येते. तिच्यातला एक टाका कापा आणि सुईच्या टोकाने तो गडद धागा पूर्ण फेरीभर सोडवत जा. खालचा काठ सुटून येतो आणि वर दुसऱ्या फेरीचे दोन रंगांचे फास मोकळे होतात. ते सोडवता सोडवताच १३ नंबरच्या सुईवर, म्हणजे २.२५ मिमीवर, घेत चला. मग नव्या गडद धाग्याने ते सुलट विणत बंद करा. फास मोजून घ्या. खालून उचलताना फेरीच्या जोडाशी एखादा अर्धा फास कमी-जास्त येतो, तो तिथेच शेजारच्या फासासोबत विणून टाका. मैत्रिणीच्या टोपीत अशी फेरी नव्हती. तिचा काठ दोन रंगांत थेट सुरू केलेला होता, त्यामुळे तिची पूर्ण रिब खालून कापून, मोकळे फास सुईवर घेऊन वरून खाली पुन्हा विणावी लागली. या वेळी धागे मोकळे सोडले, आणि धुऊन वाळल्यावर काठ आणि दोन सेंमी वरचा घेर यांत अर्ध्या सेंमीचा फरक उरला.